साहेब, भंगाराचं एक सांगायचं होतं

अंतर्गत ऑडिट संपले, की लेखी अहवाल जाण्याआधी ऑडिटरला वरिष्ठांसमोर बसून निष्कर्ष तोंडी सांगावे लागतात. कारखान्यांत या बैठकीला ‘एक्झिट मीटिंग’ म्हणतात. कागदावर ती तासाभराची असते. प्रत्यक्षात मालकांना विमान गाठायचे असते किंवा कुणी गिऱ्हाईक आलेले असते, त्यामुळे ऑडिटरच्या वाट्याला वीस मिनिटे येतात. त्यातली पाच चहात जातात आणि दोन प्रोजेक्टरची वायर शोधण्यात. उरलेल्या तेरा मिनिटांत दोन महिन्यांचे काम सांगायचे असते, आणि तेही अशा माणसांसमोर, ज्यांतल्या निम्म्यांनी ते काम झालेच नसते तर बरे, असे मनातल्या मनात म्हटलेले असते.

लेखी अहवाल कसा असावा याची मानके सनदी लेखापालांच्या संस्थेने घालून दिली आहेत. कोणते वाक्य कोणत्या साहेबांकडे बघून बोलावे आणि कोणते टेबलाकडे बघून, हे मात्र ज्याने त्याने अनुभवाने शिकायचे असते.

विषय समजण्यासाठी एक काल्पनिक, पण कोणत्याही एमआयडीसीत शोभेल असा कारखाना घेऊ. तो पोलादी पत्र्यापासून मोटारींचे सुटे भाग दाबून काढतो. कंपनी खासगी, घरची. एमडी म्हणजे मालक. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ प्रमाणे आधीच्या वर्षात २०० कोटी किंवा त्याहून अधिक उलाढाल झालेल्या खासगी कंपनीला अंतर्गत ऑडिटर नेमावा लागतो. या कंपनीने ती रेषा नुकतीच ओलांडली होती. मालकांनी आधी पेढे वाटले आणि मग ऑडिटर नेमला. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांतली खरेदी, स्टोअर्स आणि भंगारविक्री तपासायचे ठरले.

ऑडिटरच्या वहीत शेवटी एकंदर ४३ मुद्दे जमले. हे सगळे बैठकीत वाचून दाखवायचे, ही नवख्या ऑडिटरची पहिली इच्छा असते, कारण त्यातून मेहनत दिसते. मेहनत दिसतेही, पण सातव्या मुद्द्याला एमडी फोन उलटा ठेवतात आणि अकराव्याला तो पुन्हा सुलटा करतात. शिवाय ‘गेट रजिस्टरच्या पानांवर क्रमांक नाहीत’ आणि ‘लाखो रुपयांच्या भंगाराचा हिशेब लागत नाही’ ही दोन वाक्ये एकाच सुरात आली, की ऐकणाऱ्यालाही दोन्ही सारखीच वाटतात. त्यात रजिस्टरचा मुद्दा समजायला सोपा. त्यामुळे चर्चा रजिस्टरवर होते, रजिस्टर कुठून आणायचे यावर होते, आणि भंगाराचा ट्रक तेवढ्या वेळात फाटकाबाहेर निघून जातो. म्हणून बैठकीत चार-पाच मुद्दे सांगायचे आणि बाकीचे लेखी अहवालाच्या परिशिष्टात टाकायचे, हा या कामातला पहिला संयम.

दुसरे काम बैठकीआधीचे, आणि बैठकीचे यश बरेचसे त्यावरच ठरते. जो मुद्दा ज्या खात्याचा, तो त्या खात्याच्या प्रमुखाला आधी दाखवायचा, आकडे मान्य आहेत का विचारायचे आणि त्याचे उत्तर लेखी घ्यायचे. काही ऑडिटरांना हे पटत नाही. त्यांना गौप्यस्फोट आवडतो. पण एमडींसमोर पहिल्यांदाच आकडा ऐकणारा प्लँट हेड दुसरे काहीही करो, मान्य मात्र करत नाही. तो म्हणतो, “सर, हा डेटा एकदा चेक करावा लागेल.” या वाक्यावर बैठक तिथेच संपते, कारण डेटा चेक करू नका असे कुणालाच म्हणता येत नाही.

आपल्या कारखान्यात भंगाराचा आकडा असा आधी दाखवला गेला. सहा महिन्यांत १०,००० टन पत्रा वापरला होता. तयार झालेले भाग गुणिले ड्रॉइंगवरचे वजन, असा हिशेब केला तर भागांत ७,१३० टन पत्रा गेला होता; म्हणजे २,८७० टन भंगार निघायला हवे. विक्रीच्या चलनांवर होते २,६२० टन. फरक २५० टनांचा. प्लँट हेडने कागद पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “ड्रॉइंगवरचं वजन धरलंय? मग चुकणारच. पत्रा जाडीला थोडा वरचा येतो. भाग जड होतो. तेवढा पत्रा भंगारात जातच नाही.” त्याचे म्हणणे बरोबर होते. प्रत्येक भागाचे नमुने काट्यावर घातले तेव्हा ते सरासरी एक टक्का जड निघाले. भागांत गेलेला पत्रा ७,२०० टन ठरला, अपेक्षित भंगार २,८०० वर आले आणि फरक १८० टनांवर. आवारात पडून असलेले भंगार आणि नापास झालेले भागही मोजून झाले. त्यांनी आकडा हलला नाही.

यातून ऑडिटरचे ७० टन गेले, पण त्याला एक साक्षीदार मिळाला. बैठकीत १८० चा आकडा आता एकट्या ऑडिटरचा राहिला नव्हता. तो प्लँट हेडने स्वतः तपासून खाली आणलेला आकडा होता. स्वतः केलेल्या वजाबाकीविरुद्ध माणूस सहसा बोलत नाही.

आता क्रमाचा प्रश्न. चांगले आधी सांगावे की वाईट? व्यवस्थापनाच्या वर्गांत ‘सँडविच’ नावाची पद्धत शिकवतात: वर गोड, खाली गोड, मधे कडू. ती वापरून पाहिलेल्यांना तिची गंमत ठाऊक असते. ऐकणारा पहिले गोड ऐकून निर्धास्त होतो, शेवटचे गोड लक्षात ठेवून उठतो आणि मधल्या काळात चहाला हात घालतो. बैठकीनंतर लिफ्टमध्ये एमडी फायनान्सच्या साहेबांना म्हणतात, “चला, ऑडिट छान झालं.” त्यांची चूक नाही. त्यांना तसेच सांगितले गेले होते.

त्याउलट थेट वाईटावर उडी घेण्याचा मार्ग शूरांचा. त्यात पहिल्याच मिनिटाला खोली दोन पक्षांत विभागली जाते आणि पुढची बारा मिनिटे ऑडिटर सोडून सगळे एका पक्षात असतात.

चालणारा क्रम वेगळा आहे. सर्वांत आधी एका वाक्यात एकूण निकाल: “स्टोअर्स आणि बिलांची तपासणी भरवशाची आहे, भंगारविक्रीवर ताबा नाही, आणि खरेदीच्या मंजुऱ्या उशिरा होतात.” तेरा मिनिटांऐवजी दीडच मिनिट मिळाले आणि विमानाची वेळ झाली, तरी एवढे वाक्य एमडींबरोबर दिल्लीला जाते. मग चांगले मुद्दे, थोडक्यात. मग वाईट मुद्दे, सर्वांत जड तो आधी. शेवटी शिफारशी, आणि त्यांच्यानंतर काहीही नाही, अगदी आभारसुद्धा. आभार मानायचेच तर सुरुवातीला मानून मोकळे व्हावे.

चांगले मुद्दे सौजन्य म्हणून सांगायचे नसतात. तेही निष्कर्षच असतात, आणि त्यांनाही पुरावा लागतो. “स्टाफने उत्तम सहकार्य केलं” हा निष्कर्ष नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की दुपारचे जेवण कँटीनमध्ये मिळाले. आपल्या ऑडिटरने सांगितले ते असे: स्टोअर्समधल्या १२० वस्तू मोजल्या, ११७ वहीशी जुळल्या आणि ज्या तीन जुळल्या नाहीत त्या नट-वॉशरच्या होत्या. पुरवठादारांची ६० बिले ऑर्डर आणि माल मिळाल्याच्या पावतीशी ताडून पाहिली. दर किंवा नग यांत एकही फरक नव्हता. हे ऐकून स्टोअर्सकीपरची मान दोन इंच वर गेली. पण मुख्य उपयोग एमडींना होता. स्टोअर्ससाठी नवे, महागडे सॉफ्टवेअर घेण्याचा एक प्रस्ताव त्यांच्या टेबलावर पडून होता. १२० पैकी ११७ जुळत असतील तर ते पैसे कुठे खर्चू नयेत, हे त्यांना ऑडिटच्या चांगल्या मुद्द्यातून कळले.

चांगल्या मुद्द्यांना दोन मिनिटे पुरतात. चौथ्या मिनिटाला एमडी “म्हणजे काही प्रॉब्लेम नाही ना?” असे विचारतात, आणि त्यानंतर प्रॉब्लेम काढणे म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी पत्रिकेतला मंगळ काढण्यासारखे होते.

वाईट मुद्दा सांगताना पाच गोष्टी लागतात: नियम काय होता, प्रत्यक्षात काय दिसले, ते का झाले, त्याने काय नुकसान झाले आणि आता काय करायचे. यातली पाचवी शेवटासाठी राखून ठेवायची. पहिल्या चार एका दमात सांगता आल्या पाहिजेत. सांगता येत नसतील, तर बहुधा तिसरी सापडलेलीच नसते.

भंगाराचा मुद्दा या चौकटीत असा बसला. कंपनीच्याच लेखी पद्धतीप्रमाणे भंगाराचा ट्रक आधी रिकामा आणि मग भरलेला, दोन्ही वेळा कंपनीच्या वजनकाट्यावर, सिक्युरिटी आणि स्टोअर्सच्या माणसासमोर तोलायचा. सहा महिन्यांतल्या २५० फेऱ्यांपैकी १९० फेऱ्यांना कंपनीच्या काट्याची पावतीच नाही. वजन भंगारवाल्याने सांगितलेल्या बाहेरच्या काट्यावरचे आहे. कारण, कंपनीचा काटा मे महिन्यापासून बंद आणि दुरुस्तीची मागणी कुणाच्या तरी सहीसाठी थांबलेली. परिणाम, १८० टनांचा हिशेब लागत नाही; ३५ रुपये किलोने ६३ लाख रुपये.

हे सांगून झाल्यावर ऑडिटरने थांबावे. इथे गप्प बसणे फार अवघड जाते, कारण शांतता पसरते आणि ती भरून काढण्याचा मोह होतो. मोहाला बळी पडलेला ऑडिटर “अर्थात, हा आकडा अंदाजेच आहे” असे म्हणतो आणि महिनाभराचे तोलकाम पाच शब्दांत वाया घालवतो. आकड्याला मर्यादा असतातच: उदाहरणार्थ, नमुने घेऊन काढलेले सरासरी वजन. त्या विचारल्यावर सांगाव्यात, नेमक्या सांगाव्यात. आपणहून गुडघे टेकू नयेत.

शांतता बहुतेक वेळा एमडीच मोडतात, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “कोणी केलं हे?” खोलीतले सगळे जण अचानक आपापल्या कागदांत मग्न होतात. ऑडिटरने नाव घेऊ नये. याचे कारण भीती नव्हे; त्याच्याकडे पुरावा पद्धत मोडल्याचा आहे, कुणी पैसे खाल्ल्याचा नाही. वजनात फरक पडणे आणि चोरी होणे यांत चौकशीएवढे अंतर असते. ‘चोरी’ हा शब्द भरल्या बैठकीत एकदा उच्चारला, की काट्याची दुरुस्ती बाजूला राहते आणि अब्रूची सुरू होते. संशयाला जागा असेल, तर ती गोष्ट बैठकीआधी एमडींना एकट्याला भेटून सांगायची, आणि चौकशी करायची की नाही हे त्यांनी ठरवायचे. आपल्या ऑडिटरने तसे आदल्या दिवशी सांगितले होते. त्यामुळे एमडींनी प्रश्न विचारला खरा, पण उत्तराची वाट न पाहता तेच म्हणाले, “ते मी बघतो. पुढे बोला.”

पुढचा मुद्दा खरेदीचा. नियम असा, की ऑर्डर आधी निघते आणि माल नंतर येतो. तपासलेल्या ६० बिलांपैकी १४ बिलांत माल आधी आला होता आणि ऑर्डर नंतर निघाली होती. बिलातला दर ऑर्डरशी जुळला यात मग आश्चर्य नव्हते. ऑर्डर बिल बघूनच टाइप केली होती. (जाणकार वाचकाला इथे शंका येईल, की मग ६० पैकी ६० बिले जुळल्याचे कौतुक कशाचे. शंका रास्त आहे. ऑडिटरने चांगल्या मुद्द्यातच ‘यातल्या १४ बिलांबद्दल पुढे बोलतो’ असे सांगून ठेवावे. नाहीतर ही शंका फायनान्सचे साहेब काढतात, आणि ते ती चहा संपल्यावर काढतात.) खरेदीप्रमुखाचे उत्तर आधीच लेखी आले होते: “लाइन उभी राहिली असती.” हे उत्तर महाराष्ट्रातल्या सगळ्या खरेदीप्रमुखांना तोंडपाठ असते, आणि वाईट गोष्ट अशी, की ते बऱ्याचदा खरे असते.

ते इथेही खरे होते. १४ पैकी ९ खरेद्या ५० हजारांच्या वरच्या होत्या. ५० हजारांवर एमडींचीच सही लागते. आणि त्या नऊही दिवशी एमडी बाहेरगावी होते. काट्याच्या दुरुस्तीची मागणी ज्या सहीसाठी थांबली होती तीही, शोध घेता, हीच सही निघाली.

थोडक्यात, दोन्ही मुद्द्यांचे मूळ कारण टेबलाच्या डोक्याला बसून बिस्कीट खात होते. हे त्याला सांगायचे कसे, ही तोंडी सादरीकरणातली सर्वांत कठीण जागा. काही ऑडिटर कारणच गाळतात, आणि मग शिफारस चुकते: ‘खरेदी विभागाने नियमांचे काटेकोर पालन करावे.’ खरेदी विभाग पालन करतो, लाइन उभी राहते आणि पुढच्या ऑडिटमध्ये चौदाऐवजी वीस बिले उलटी निघतात. काही जण कारण सांगतात, पण इतके गुंडाळून, की एमडी “अगदी बरोबर, शिस्त हवीच” म्हणत खरेदीप्रमुखाकडे रोखून बघतात.

उपाय असा, की माणसाऐवजी मर्यादेबद्दल बोलावे. “५० हजारांची मर्यादा उलाढाल ६० कोटी होती तेव्हा ठरली. आज कंपनी २०० कोटींच्या पुढे आहे, त्यामुळे तुमच्या सहीला येणारे कागद वाढले आणि तुमचे दौरेही. १४ पैकी ९ ऑर्डरी यात अडकल्या.” यात प्रत्येक शब्द खरा आहे, साहेबांच्या कर्तबगारीची नोंद आहे, आणि दोष एका आकड्यावर जातो, ज्याला वाईट वाटत नाही. एमडींनी बिस्कीट खाली ठेवले. “म्हणजे माझ्यामुळे,” ते म्हणाले. ऑडिटर म्हणाला, “मर्यादेमुळे, साहेब.” दोघांनाही अर्थ कळला होता.

राहिल्या शिफारशी. बहुसंख्य ऑडिटे इथे येऊन बुडतात. ‘भंगारविक्रीवरील नियंत्रण अधिक बळकट करण्यात यावे’, ‘संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी’, ‘पद्धतीचा आढावा घेणे इष्ट ठरेल’. अशा शिफारशी लगेच मान्य होतात, आणि ती खूण वाईट. ज्या शिफारशीने खोलीतल्या एकाही माणसाच्या उद्याच्या कामात फरक पडत नाही, तिला विरोध कोण करील? शिफारस ठीक आहे का हे ओळखायची चाचणी सोपी आहे: तीन महिन्यांनी कारखान्यात नवखा माणूस पाठवला, तर ‘झाले’ की ‘नाही झाले’ हे त्याला कुणालाही न विचारता सांगता आले पाहिजे.

या कारखान्यात तीनच शिफारशी मांडल्या गेल्या. पहिली, मेंटेनन्स प्रमुखाने वजनकाटा २० डिसेंबरपर्यंत दुरुस्त करून घ्यावा, आणि १ जानेवारीपासून कंपनीच्या काट्याच्या दोन पावत्या, एक रिकाम्या ट्रकची आणि एक भरलेल्याची, असल्याखेरीज सिक्युरिटीने भंगाराचा ट्रक फाटकाबाहेर सोडू नये. दुसरी, एमडींनी प्लँट हेडची मंजुरीची मर्यादा १५ डिसेंबरपर्यंत दोन लाखांवर न्यावी आणि त्यावरच्या खरेदीला दौऱ्यातूनही ईमेलने मंजुरी द्यावी. तिसरी, फायनान्सच्या साहेबांनी ३१ जानेवारीपर्यंत भंगारविक्रीसाठी तीन ठिकाणांहून बंद पाकिटात दर मागवावेत. सध्याचा भंगारवाला तीन वर्षे एकाच दराने माल उचलत होता.

तिसऱ्या शिफारशीवर खोलीत पुन्हा शांतता पसरली. भंगारवाला हा एमडींचा साडू होता, हे ऑडिटरलाही ठाऊक होते आणि प्रोजेक्टरची वायर जोडणाऱ्या मुलालाही. नातलगाशी व्यवहार करणे हा काही गुन्हा नाही. पण तीन वर्षे दर न विचारणे हा निष्कर्ष आहे, आणि तो नात्याचा उल्लेख न करताही पूर्ण उभा राहतो. ऑडिटरने उल्लेख केला नाही. एमडी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पाकिटं मागवा. त्यालाही एक पाठवा.”

यानंतर एकच काम उरते. प्रत्येक शिफारशीपुढे मान्य की अमान्य, हे त्याच बैठकीत लिहून घ्यायचे. अमान्य असेल तरी हरकत नाही; धोका पत्करण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा आहे, फक्त तो पत्करला असे कागदावर यावे. आपल्या बैठकीत तिन्ही मान्य झाल्या आणि एमडींनी कागदावर सही केली. इतिवृत्त दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गेले. चार दिवस थांबले, की प्रत्येकाला वेगळी बैठक आठवू लागते.

फेब्रुवारीतल्या फेरतपासणीत काटा चालू होता आणि जानेवारीच्या सगळ्या फेऱ्यांच्या दोन-दोन पावत्या फाइलला होत्या. मंजुरीची मर्यादा वाढली होती. बंद पाकिटे तीन आली. सर्वांत जास्त दर, किलोमागे दोन रुपये वाढवून, साडूनेच दिला होता.